नोकरी सोडतेय, बिघडलेल्या यंत्रांचा कागद तपासून द्याल का?

ओसरी

नमस्कार मंडळी. मी एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, सहा वर्षं झाली. येत्या ३० तारखेला माझा शेवटचा दिवस. जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरीकडे काम मिळालंय. माझ्या जागी गावातलाच मुलगा येतोय. एमएससीआयटी झालंय, हुशार आहे, पण आमच्या यंत्रांच्या खोडी त्याला ठाऊक नाहीत. मी आले तेव्हा मला कोणी एक ओळ लिहून दिली नव्हती. काउंटरवर रांग, आणि मी प्रिंटरचं झाकण उघडून नुसती बघत बसलेली, असे पहिले दोन महिने गेले. त्याच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून कागद तयार केलाय. काही राहिलंय का, चुकलंय का, ते सांगा.

दोन नंबरचा संगणक (काउंटरचा): सोमवारी सुरू करताना काळ्या पडद्यावर थांबतो आणि F1 किंवा F2 दाबायला सांगतो. F2 दाबायचं. विंडोज सुरू झालं की तारीख १ जानेवारी २०१२ झालेली असते. ती बरोबर केल्याशिवाय एकही साइट उघडत नाही, NET::ERR_CERT_DATE_INVALID असं येतं. कॅलेंडरमधून तारीख बदलायची, मग साइट उघडते.

अंगठ्याचं मशीन: सोमवारी सकाळी घेत नाही. काच मऊ फडक्याने पुसायची, वायर मागच्या यूएसबीला लावायची, पुन्हा सुरू करायचं. तरी नाही झालं तर लोकांना जेवणानंतर बोलवायचं. दुपारी बहुतेक चालतं, कधी मात्र मंगळवार उजाडतो.

लेझर प्रिंटर: एका वेळी दोन-तीन कागद ओढतो. दाखला छापायचा असेल तर एकच कागद हाताने लावायचा. शिवाय प्रत्येक पानावर खाली खाली एकसारखा काळा ठिपका येतो. टोनर भरून घेतला तरी जात नाही.

यूपीएस: लाइट गेल्यावर दोन मिनिटं टिकतो. प्रिंटर छापायला लागला की कधीकधी सगळंच बंद पडतं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांचं डिजिटल सहीचं टोकन माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. त्याचा पिन कागदाच्या शेवटी लिहिलाय, इथे देत नाही.

---

शेंगदाणा

तारीख जाते म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला. घड्याळाच्या दुकानात मिळतो, सीआर २०३२. चहा-वड्याच्या पैशात काम होईल.

---

खडूफळा

ताई, अभिनंदन. पण कार्यभार असा साध्या कागदावर देऊ नका, तुम्हालाच त्रास होईल. आमच्या शाळेत संगणक कक्षाचा चार्ज मी घेतला तेव्हा यादीत दहा संगणक आणि खोलीत नऊ. आधीचे सर बदलून गेलेले. दहाव्याचा हिशोब द्यायला मला दीड वर्ष लागलं. शेवटी तो तालुक्याला दुरुस्तीला दिलेला सापडला, पावतीसकट. म्हणून जडवस्तू संग्रह नोंदवही समोर ठेवा, प्रत्येक वस्तूचा नोंद क्रमांक लिहा, देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि ग्रामसेवकांची अशा तीन सह्या घ्या.

---

ओसरी

सर, ती यादी वेगळी केलीय, सह्याही होतील. हा कागद यंत्रं कशी चालवायची त्याचा आहे. नोंदवहीत 'लेझर प्रिंटर, १ नग, चालू' एवढंच आहे, आणि तो चालू कसा ठेवायचा ते कुठेच नाही.

शेंगदाणा, सेलचं मलाही वाटलं होतं. पण संगणकाला देखभाल कंत्राटदाराचं सील आहे. आपण उघडलं तर पुढचं सगळं आपल्या अंगावर येईल, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. दोन पत्रं गेली, माणूस आला नाही. तारीख बदलायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून मीही पुढे लावून धरलं नाही.

---

पानवेल

सेल बदलाच, पण एक सांगतो. संगणकाची वायर भिंतीला लावलेली आणि बटण चालू असतानाच बदला. नाहीतर आतली सेटिंग उडते आणि विंडोज निळ्या पडद्यावर जाऊन बसतं. माझ्या भाचीच्या संगणकाला असंच झालं होतं, हार्ड डिस्कचा मोड बदलून गेला होता. अंगठ्याच्या मशीनचं म्हणाल तर तो ड्रायव्हरचा प्रश्न. काढून परत टाका.

---

तिठा

ओसरीताई, दुरुस्तीचं दुकान चालवतो, वीस वर्षं होतील. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारतो. सोमवारीच का? मधल्या वारी कधी झालंय का? आणि अंगठा घेत नाही तेव्हा पडद्यावर कुठला आकडा येतो?

---

ओसरी

सोमवारीच का, हा विचार मी खरंच केला नव्हता. आत्ता आठवतंय ते असं. शुक्रवारी संध्याकाळी शिपाईमामा काउंटरच्या बोर्डाचं मोठं बटण बंद करून जातात, कारण दोन दिवस कोणी नसतं. बाकीच्या दिवशी आम्ही नुसतं शटडाउन करतो, बोर्ड चालूच असतो. मधल्या वारी फार क्वचित. मागच्या महिन्यात एका बुधवारी झालं होतं, आदल्या रात्री गावात लाइट नव्हती.

आकडा 561. मी तो वहीत लिहून ठेवलाय, कारण दर वेळी तोच येतो.

---

तिठा

मग तुमच्या कागदातली पहिली दोन कलमं म्हणजे एकच बिघाड आहे. अंगठ्याचं मशीन निर्दोष आहे.

संगणक शटडाउन केला तरी भिंतीचं बटण चालू असेल तोवर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डाला थोडी वीज मिळत राहते. घड्याळ त्या विजेवर चालतं, सेलला हात लागत नाही. म्हणून मंगळवार ते शुक्रवार तुम्हाला काही कळत नाही. मामांनी बोर्ड बंद केला की सगळा भार सेलवर येतो, आणि तो तर मेलेला. त्या बुधवारचंही तेच. यूपीएस दोन मिनिटांत बसला आणि रात्रभर वीज नाही.

आता सोमवारची सकाळ बघा. समजा तुम्ही ९.५० ला संगणक लावला. घड्याळ १ जानेवारी २०१२, रात्रीचे बारा, इथून सुरू होतं. तुम्ही कॅलेंडरमधून तारीख आजची केलीत, पण वेळ? ती बारा वाजून काही मिनिटंच राहिली. साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं, दहा तासांच्या फरकाने त्याचं काही बिघडत नाही. म्हणून साइट उघडते आणि आपल्याला वाटतं झालं काम. अंगठ्याचं तसं नाही. बोट ठेवलं की त्या माहितीच्या पाकिटावर संगणकाची वेळही जाते. आधारचा सर्व्हर बघतो की हे पाकीट दहा तासांपूर्वीचं आहे, आणि परत पाठवतो. 561 चा अर्थच तो: विनंती जुनी झाली. घड्याळ पुढे असतं तर 562 आला असता.

काच पुसून, वायर बदलून यातलं काही सुटणार नव्हतं.

---

ओसरी

तिठादादा, वाचून हात थांबले. कोपऱ्यातलं घड्याळ चुकीचं दिसतं हे मला माहीत होतं. भिंतीवर घड्याळ आहे, म्हणून त्याकडे बघत नव्हते. किती सोमवार म्हातारी माणसं उन्हातून आली आणि त्यांना जेवणानंतर या म्हणून परत पाठवलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला तर एक आजोबा दोनदा येऊन गेले.

पण मग दुपारी आपोआप कसं चालायचं?

---

तिठा

विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं, पण त्याला मर्यादा असते. साध्या संगणकावर फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर ते हात लावत नाही. सकाळी फरक वर्षांचा, म्हणून ते गप्प. तुम्ही तारीख बदलली की फरक दहा तासांवर आला, आणि पुढच्या फेरीत त्याने वेळ सुधारली. ती फेरी कधी येईल याचा भरवसा नसतो. कधी दुपार, कधी मंगळवार.

सेल बदलेपर्यंत नव्या मुलाला हे सांगा. तारीख आणि वेळ दोन्ही मोबाइलमध्ये बघून टाकायच्या, AM आहे की PM तेही तपासायचं, मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

```
net start w32time
w32tm /resync
```

पहिल्या ओळीला सेवा आधीच सुरू आहे असं म्हणालं तरी चालेल. एवढं होईपर्यंत अंगठा घ्यायचा नाही, पावती छापायची नाही.

पानवेल, निळ्या पडद्याचं तुमचं खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. पण इथे जपायला सेटिंग उरलंय कुठे? ते दर शुक्रवारी उडतंच आहे. सोमवारी F2 दाबतात तेव्हा कंपनीचं मूळ सेटिंग भरलं जातं, आणि त्यावर विंडोज व्यवस्थित चालू होतंय. मग चालू मदरबोर्डात स्क्रू-ड्रायव्हर घालायचा कशाला? तो निसटला तर चाळीस रुपयांच्या सेलपायी मदरबोर्ड जायचा.

---

पानवेल

हे पटलं. भाचीच्या संगणकाचा सेल संपलेला नव्हता, तो दुकानदाराने सफाई करताना काढला होता. म्हणून तिथे सेटिंग जपण्यासारखं होतं.

---

रातकिडा

पावतीचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्या पतसंस्थेत एक्सेलमध्ये पावती होती, तारखेच्या चौकटीत `=TODAY()`. घड्याळ उडालेल्या दिवशी सात पावत्या जुन्या तारखेच्या गेल्या. लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला, कारण पावती क्रमांक पुढचे आणि तारीख मागची. खुलासा करताना फाइल उघडून दाखवू म्हटलं, तर उघडल्याबरोबर त्यात त्या दिवशीची तारीख. सभासदांकडचे कागदच परत मागवावे लागले. तेव्हापासून तारीख हाताने टाकतो, Ctrl आणि ; दाबून. ती मग बदलत नाही. पण तीही संगणकाच्याच घड्याळावरून येते, म्हणून आधी कोपऱ्यात नजर टाकायची.

ओसरी, तुमच्याकडे असे सोमवार किती झाले असतील? जुन्या पावत्या बघून घ्या जाण्याआधी.

---

ओसरी

पाहिल्या. घरपट्टीच्या पावत्या साइटवरून निघतात, त्यांची तारीख बरोबर आहे. जावक पत्रांचा तक्ता मात्र माझ्या एक्सेलमध्ये आहे, त्यात चार नोंदी २०१२ च्या सापडल्या. जावक नोंदवहीत हाताने तारीख लिहिलेली होती, तिच्यावरून ताडून चारही दुरुस्त केल्या आणि शेरा लिहून भाऊसाहेबांची सही घेतली.

---

मोगरी

सेल मिळेपर्यंत सोपा उपाय: मामांना सांगा बोर्ड बंद करू नका. प्रश्न मिटला.

---

वळीव

मोगरी, हे कागदावर लिहू देऊ नका, हात जोडून सांगतो. आमच्याकडे मराठवाड्यात मृगाच्या आधी जी वीज कडाडते, तिने दोन वर्षांपूर्वी शनिवारी रात्री कार्यालयातला मोडेम, एक संगणक आणि प्रिंटर नेला. बोर्ड चालू राहिला होता. मामा करतात ते अगदी बरोबर करतात. उलट बटण बंद करून पुरत नाही, प्लग आणि इंटरनेटची वायरही काढली पाहिजे. आमचा मोडेम त्या वायरीतूनच गेला.

---

मोगरी

मी पुण्यात राहते, विजेचं डोक्यात आलं नाही. पण मधल्या वारी बोर्ड चालू असतोच की. वीज काही फक्त शनिवारीच पडत नाही.

---

तिठा

दोघांचंही खरं आहे. माझ्या मते रोज बंद करावा. पण आज सेल मेलेला असताना रोज बंद केला तर रोजच सोमवार होईल. आधी सेल.

कंत्राटाचं असं करा: भाऊसाहेबांना पत्रात '561 मुळे दर सोमवारी सेवा बंद राहते' असं लिहू द्या. 'तारीख चुकते' लिहिलं की समोरच्याला ते किरकोळ वाटतं. माणूस आला की सेल मीटरवर मोजायला सांगा. नवा तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, पावणेतीनच्या खाली गेला की भरवसा नाही. नवा सेलही चार-सहा महिन्यांत बसला तर दोष मदरबोर्डावर आहे, किंवा सेटिंग पुसायचा जंपर चुकीच्या जागी राहिलाय.

आता प्रिंटर. त्या ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजून सांगा.

---

ओसरी

मोजलं. साडेसात सेंटिमीटर, तीन पानांवर तेवढंच.

---

तिठा

तुमच्या जातीच्या लहान प्रिंटरात कार्ट्रिजमधला ड्रम २४ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा एक फेरा साधारण ७५ मिलिमीटर. म्हणजे ड्रमवर एका जागी ओरखडा आहे आणि तो दर फेऱ्याला कागदावर उमटतो. टोनर भरल्याने ओरखडा भरत नाही. भरायला येणाऱ्याला ड्रम बदल म्हणून स्पष्ट सांगायचं. स्टेपलची पिन लागलेला कागद कोणी पाठकोरा म्हणून घातला होता का?

---

ओसरी

पाठकोरे रोजच वापरतो, कागद वाचवायला. पिना काढूनच घालतो, पण एखादी राहिली असेल.

---

शेंगदाणा

दोन-तीन कागद ओढण्याचं: पावसाळ्यात जास्त होतं का? कागद दमट झाला की एकमेकांना चिकटतो. गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये ठेवा, घालण्याआधी पत्त्यांसारखा फुलवा.

---

तिठा

आणि उन्हाळ्यातही होत असेल तर कागद सुटे करणारी रबराची पट्टी गुळगुळीत झालीय. कागदच ओढत नसता तर वरचा रोलर म्हणालो असतो. पट्टी ओल्या फडक्याने पुसून काही दिवस निघतात, मग बदलावीच लागते.

यूपीएसचं सोपं आहे. लेझर प्रिंटर कागद तापवायला लागला की क्षणभर भरपूर वीज ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्याला ते झेपत नाही. प्रिंटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा.

---

रातकिडा

पिनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. तो कागदावरून खोडा. भाऊसाहेबांची सही म्हणजे भाऊसाहेबच. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र आहे, त्याने ती किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची. उद्या एखादा दाखला चुकीचा निघाला तर तो नवा मुलगा, भाऊसाहेब आणि तुम्ही, तिघंही अडचणीत.

---

ओसरी

कायद्याचं मान्य. पण भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कार्यभार आहे, ते आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस येतात. टोकन त्यांच्या खिशात गेलं की बाकीचे दिवस दाखले थांबतात, आणि लोक काउंटरवर बसलेल्या पोरावर चिडतात. शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत तर विचारू नका.

---

खडूफळा

या बाबतीत मी रातकिडा यांच्याकडून. काम थांबलं तर थांबू द्या, ते वरपर्यंत जाईल तेव्हाच जादा माणूस मिळेल. निदान चार्ज यादीत 'डिजिटल सही टोकन, १ नग, ग्रामसेवकांकडे सुपूर्द' अशी ओळ घाला आणि त्यांची सही घ्या.

---

ओसरी

टोकन भाऊसाहेबांकडे दिलं, सही घेतली, पिनची ओळ फाडली. दाखल्यांचं काय करायचं ते ते सरपंचांशी बोलणार आहेत, अजून ठरलेलं नाही.

दुसरी बातमी. पत्रात 561 लिहिलं आणि चौथ्या दिवशी माणूस आला. जुना सेल मीटरवर १.८ दाखवत होता. नवा घातला, सील परत लावून घेतलं. शुक्रवारी मामांनी नेहमीसारखा बोर्ड बंद केला, वीज पडेल म्हणून प्लगही काढला. आज सोमवार. F2 विचारलं नाही, घड्याळ मिनिटाला बरोबर, पहिला अंगठा १०.०५ ला गेला.

कागदात आता अंगठ्याच्या मशीनपुढे असं लिहिलंय: 'आधी संगणकाचं घड्याळ बघ. आकडा कोणता येतो ते वहीत लिही, मगच मशीनला हात लाव.'

---

नवापरिचालक

नमस्कार. ओसरीताईंच्या जागी मीच आलोय. त्यांनी हा धागा दाखवला. आज घड्याळ बरोबर आहे, 561 नाही. पण एका आजींचा अंगठा चार वेळा घेतला तरी 300 येतंय. सेल पुन्हा गेला का?

---

तिठा

नाही रे, हे घड्याळाचं नाही. 300 म्हणजे आधारमध्ये नोंदवलेल्या ठशाशी हा ठसा जुळला नाही. आजी शेतात काम करतात का? अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील. हात साबणाने धुऊन, कोरडे करून दुसरी बोटं घेऊन बघ. अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट बऱ्याचदा लागतं. जे लागेल ते त्यांच्या नावापुढे वहीत लिहून ठेव.

---

नवापरिचालक

डाव्या हाताची अनामिका लागली. वहीत लिहिलं.